नेट नसलेल्या केंद्रासाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम: फोनवर काय, परिषदेत काय

प्रश्न: मी अक्राणी तालुक्यात केंद्रप्रमुख आहे. केंद्रात १४ शाळा, ३१ शिक्षक, बहुतेक शाळा द्विशिक्षकी. निम्म्या पाड्यांवर नेट नाही, काही ठिकाणी कॉलसुद्धा टेकडीवर चढून करावा लागतो. मागच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं सगळ्यांनी मिळवली, पण तिसरीची मुलं अजून वजाबाकीत अडकतात. महिन्यातून एकदा शिक्षण परिषद होते. फोन आणि परिषद मिळून शिक्षकांसाठी नीट अभ्यासक्रम कसा आखू?

उत्तर:

सर, आधी विषय लहान करा. ‘तिसरीचं गणित’ दोन महिन्यांत मावणार नाही. तुम्हीच लिहिलं आहे की मुलं वजाबाकीत अडकतात, तर ‘दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी’ एवढाच विषय घ्या. लागोपाठच्या तीन परिषदा आणि त्यांच्या मधले आठ आठवडे, एवढ्यात तो पूर्ण होतो. मी सातपुड्यात शिक्षक प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं केलं आहे. माझा अनुभव असा की नेट कमी असलेल्या ठिकाणी विषय जितका अरुंद, तितका फोनचा उपयोग जास्त. कारण मग फोनवरून फार काही पाठवावंच लागत नाही.

सगळ्यात आधी रेंजची माहिती गोळा करा, पण फॉर्म भरून घेऊ नका. शाळेत रेंज आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. धडे शिक्षक शाळेत ऐकणार नाहीत, मुक्कामी ऐकतील. आणि मुक्काम कुठे, असं कागदावर विचारलं की मुख्यालयी राहण्याचा आणि घरभाडे भत्त्याचा विषय निघतो. मग खरं उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला तोंडी विचारा, ‘रात्री आठ वाजता तुमच्या फोनवर व्हिडिओ अडखळत नाही ना? कॉल लागतो का? आठवड्यातून कोणत्या दिवशी नेटच्या गावात असता?’ बहुतेक जण बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये येतात. या उत्तरांवरून शिक्षकांचे तीन प्रकार पडतील: रोज नेट मिळणारे, आठवड्यातून एकदा नेट मिळणारे आणि फक्त कॉल लागणारे. अभ्यासक्रम तिसऱ्या प्रकारासाठीच आखा. त्यांना जे पोहोचतं ते बाकीच्यांना आपोआप पोहोचतं. उलट आखलंत, तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच पहिल्या आठवड्यात गळतात.

सुरुवात ऑगस्टच्या परिषदेपासून करा आणि शेवट ऑक्टोबरच्या परिषदेत. जून-जुलै पटनोंदणी आणि माहिती भरण्यात जातो. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात, मग ज्या मुलांवर शिक्षक शिकत होते तीच वर्गात नसतात. ऑगस्टमध्ये पावसाने वीज आणि टॉवर बंद पडतात हे खरं, पण त्याची सोय आखणीत करता येते. ती पुढे सांगतो.

उदाहरणं निवडण्यापासून सुरुवात

या अभ्यासक्रमाचा पाया सहा उदाहरणांच्या एका चाचणीवर आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पहिल्या परिषदेला येताना तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी आपल्या मुलांकडून ही सहा उदाहरणं सोडवून घ्यायची आणि कागद बरोबर आणायचे. पहिली पाच आकड्यांची, सहावं शाब्दिक.

आपण सहज ५२ − २७ असं उदाहरण घालतो. त्याचं उत्तर ३५ आलं तर मूल कुठे चुकलं? एक शक्यता अशी की मुलाने लहान अंक मोठ्यातून काढला: ७ मधून २ गेले, राहिले ५. दुसरी शक्यता अशी की त्याने दशक सुटा केला, १२ मधून ७ काढून ५ बरोबर लिहिले, पण दशकांच्या घरातला एक दशक कमी करायला विसरला. दोन्ही वेळा उत्तर ३५. पहिल्या मुलाला दशक सुटा करायचा असतो हेच माहीत नाही. दुसऱ्याला ते जवळजवळ येतं. दोघांना एकच उपाय चालणार नाही, आणि हे उदाहरण त्यांना वेगळं ओळखू देत नाही.

आता ५३ − २७ घ्या. पहिल्या चुकीचं उत्तर ३४ येतं, दुसऱ्या चुकीचं ३६, आणि बरोबर उत्तर २६. नुसतं उत्तर ऐकूनच कळतं की मूल कुठे आहे. नियम सोपा आहे: सुट्यांच्या घरातल्या दोन अंकांत ५ चा फरक नको. फरक ५ असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात.

त्याच नियमाने बाकीची उदाहरणं निवडायची. ५८ − २३ मध्ये दशक सुटा करावा लागत नाही. ते चुकलं तर अडचण हातच्याच्या आधीची आहे (तिथे दोन अंकांत ५ चा फरक असला तरी हरकत नाही). ४० − १८ मध्ये शून्य आहे: बरोबर २२, लहान अंक मोठ्यातून काढला तर ३८, ‘शून्यातून काही जात नाही’ म्हणून शून्यच लिहिलं तर ३०, दशक कमी करायचा राहिला तर ३२. ७२ − ६८ चं बरोबर उत्तर ४, चुकीची १६ आणि १४. ६१ − ९ चं बरोबर उत्तर ५२, चुकीची ६८ आणि ६२. शिवाय कोणी ९ हा अंक दशकाखाली मांडला तर ३१ येतं. सहावं उदाहरण ‘किती जास्त’ असं विचारणारं असावं: एकीकडे ४३ बिया, दुसरीकडे २६, पहिलीकडे किती जास्त? याचं उत्तर १७. जे मूल ६९ लिहितं त्याने ‘जास्त’ ऐकून बेरीज केली.

उदाहरणं अशी निवडली की नेटचा निम्मा प्रश्न सुटतो. शिक्षकाला वह्यांचे फोटो पाठवावे लागत नाहीत, वर्गाचा व्हिडिओ तर नाहीच. साध्या बटणाच्या फोनवरून एक एसएमएस पुरतो:

```
Q2 26=3 34=9 36=4
```

म्हणजे दुसऱ्या उदाहरणात, ५३ − २७ मध्ये, तीन मुलांचं उत्तर २६, नऊ मुलांचं ३४, चार मुलांचं ३६. सोळा मुलांच्या वर्गाचं चित्र एका ओळीत तुमच्याकडे आलं. या वर्गाला पुढच्या आठवड्यात उभी मांडणी शिकवून उपयोग नाही, काड्यांच्या जुड्या बांधण्या-सोडण्याकडे परत जायला हवं, हे तुम्हाला टेकडीवरून आलेल्या त्या एका एसएमएसवरून सांगता येतं.

फोनचा धडा कसा असावा

दर आठवड्याला एक ध्वनिफीत, चार ते पाच मिनिटांची. व्हिडिओ नको. हिशोब असा: पाच मिनिटांची एमपी३ फाइल ३२ केबीपीएसने साधारण १.२ एमबीची होते, आठही धडे मिळून १० एमबीच्या आत. तीन मिनिटांचा जेमतेम दिसेल असा व्हिडिओ एकटाच तेवढी जागा घेतो. फाइल लहान करायला संगणकावर हा आदेश चालतो:

```
ffmpeg -i dhada3.wav -ac 1 -ar 22050 -b:a 32k dhada3.mp3
```

संगणक नसेल तर व्हॉट्सअॅपवर केलेलं ध्वनिमुद्रण याहूनही लहान असतं, तेही चालेल. फक्त पंखा बंद करा आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना मुद्रण करू नका. कमी दर्जाच्या फाइलमध्ये तो आवाज शब्द गिळून टाकतो.

चित्र दाखवायचं असेल तिथे कागद वापरा. आठ धड्यांच्या आठ छापील चिठ्ठ्या पहिल्या परिषदेतच प्रत्येकाच्या हातात द्या. ध्वनिफितीत म्हणायचं, ‘चिठ्ठी तीन समोर घ्या, वरचं चित्र बघा.’ झेरॉक्सला नेट लागत नाही आणि ती चिठ्ठी वर्गात टेबलावर ठेवता येते.

प्रत्येक धड्यात तीनच गोष्टी असाव्यात, याच क्रमाने. एका मुलाची एक चूक, तिच्या उत्तरासकट. मग वर्गात करायची एकच कृती, कोणत्या संख्या घ्यायच्या इथपर्यंत स्पष्ट. आणि शेवटी कृती करताना काय पाहायचं त्याचा एक प्रश्न. प्रस्तावना, स्वागत, धोरणाचा उल्लेख काही नको. सावकाश बोललं तर चार मिनिटांत साडेचारशे शब्दांच्या आसपास बसतात, म्हणून आधी लिहून काढा. न लिहिता बोललेला धडा हमखास दहा मिनिटांवर जातो.

फक्त कॉल लागणाऱ्या शिक्षकांना महिन्याचे चारही धडे परिषदेतच फोनमध्ये भरून द्या. ओटीजी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा ब्लूटूथ, जे चालेल ते. यात एक तोटा आहे. सगळे धडे आधीच हातात असले की ते वर्गाच्या मागे राहतात, वर्गात आलेल्या चुकीला उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणून महिन्याचे धडे ठरलेले ठेवा आणि दर आठवड्याला त्यांना जोडून एका मिनिटाचा निरोप द्या: ‘गेल्या आठवड्यात केंद्रात ३४ हे उत्तर सगळ्यात जास्त आलं, म्हणून या आठवड्याची कृती करण्याआधी जुडी सोडण्याचा खेळ पुन्हा घ्या.’ नेट असलेल्यांना हा निरोप व्हॉट्सअॅपवर जातो, बाकीच्यांना कॉलवर सांगितला जातो.

व्हॉट्सअॅपचा गट वेगळा काढा, आणि त्यात फक्त अॅडमिनला पाठवता येईल असं ठेवा. तुमच्या केंद्राच्या नेहमीच्या गटावर परिपत्रकं, एक्सेल आणि ‘आजच माहिती द्या’ यांचा ओघ असतो. त्यात धडा दोन तासांत वर सरकून दिसेनासा होतो.

मिस्ड कॉल दिल्यावर धडा ऐकवणारी यंत्रणा घ्यावी का, असंही विचारलं जातं. ३१ शिक्षकांसाठी तो खर्च करू नका. तालुक्याचे शेकडो शिक्षक असतील तेव्हा बघा.

शुक्रवारचा कॉल

दर शुक्रवारी गटागटाने होणारा वीस मिनिटांचा कॉल हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉलमध्ये कॉल करणारा आणि आणखी पाच जण असे सहा माणसं एका वेळी बोलू शकतात, नेटशिवाय. तुमचे ३१ शिक्षक म्हणजे पाच जणांचे पाच गट आणि सहा जणांचा एक. गट पाडताना रेंज बघू नका, अंतर बघा. शेजारच्या पाड्यांचे शिक्षक एका गटात असले की टॉवर पडला तरी मोटारसायकलवरून किंवा चालत एकमेकांकडे जाता येतं. पावसाची सोय म्हणालो ती हीच. दोन दिवस कॉल लागला नाही तर गट बाजाराच्या दिवशी भेटतो आणि तेच वीस मिनिटांचं काम समोरासमोर होतं.

कॉल जोडणाऱ्याचा फोन तुटला की सगळ्यांचाच तुटतो, म्हणून गटात ज्याची रेंज सगळ्यात पक्की त्यानेच जोडायचा. तो ज्येष्ठ असलाच पाहिजे असं नाही. पहिल्या परिषदेत सहाही गटांकडून एकदा कॉल जोडून घ्या. पहिल्याला होल्डवर ठेवून दुसऱ्याला लावणं आणि मग ‘मर्ज’ करणं अनेकांनी कधी केलेलं नसतं, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

वीस मिनिटांत प्रत्येकाला दोन मिनिटं. प्रत्येकाने सांगायचं ते असं: सगळ्यात जास्त आलेलं चुकीचं उत्तर कोणतं, एका मुलाने काड्यांशी नेमकं काय केलं, आणि मला अडलं कुठे. उरलेल्या वेळात एकाच अडचणीवर सगळ्यांनी बोलायचं. वेळ गटाने ठरवावी. शिक्षिकांना संध्याकाळी सात-आठचा कॉल स्वयंपाकाच्या वेळेत येतो. त्यांना विचारल्याशिवाय वेळ जाहीर करू नका.

आठ आठवडे

द्विशिक्षकी शाळेत एक जण पहिली-दुसरीला, दुसरा तिसरी-चौथीला शिकवतो. दोघांनीही हा अभ्यासक्रम करायचा. पहिली-दुसरीच्या शिक्षकाने दशक बांधणं आणि सोडणं एवढाच भाग मुलांबरोबर करायचा. तिसरीतली बरीच अडचण तिथेच सुरू होते. वजाबाकीचे आकडे मात्र तिसरी-चौथीचाच शिक्षक पाठवेल.

ऑगस्टच्या परिषदेत तीन तास हवेत. पहिल्या तासात मुलांच्या कागदांची वाटणी: शिक्षकांनी जमिनीवर बसून, उत्तरांनुसार ढीग करायचे. ३४ चा ढीग, ३६ चा ढीग, २६ चा ढीग. शाळांची नावं पुसून किंवा दुमडून. एकदा ढीग समोर पडले की ‘आमची मुलं कच्ची आहेत’ हे बोलणं थांबतं आणि ‘ही चूक का होते’ हे सुरू होतं. दुसऱ्या तासात काड्या आणि रबर घेऊन शिक्षकांनी स्वतः ५३ − २७ करायचं, कागद-पेन न घेता. गणित पेटीतले दशकदांडे इथे नकोत, कारण दांडा सुटत नाही, बदलून घ्यावा लागतो. काड्यांची जुडी डोळ्यांदेखत सुटते. दांडे नंतर वापरा. तिसऱ्या तासात गट, कॉलचा सराव, चिठ्ठ्या आणि फाइल भरणं.

पहिला आठवडा फक्त बांधणं-सोडणं. मुलांनी ४३ काड्या मांडायच्या, चार जुड्या आणि तीन सुट्या. मग शिक्षक म्हणतो, ‘यातल्या मला ७ दे.’ आणि गप्प बसतो. पाहायचं एवढंच की कोणी आपणहून जुडी सोडली, कोणी ‘देता येत नाही’ म्हटलं आणि कोणी सगळ्या काड्या मोकळ्या करून मोजायला घेतल्या. पाटीवर काही लिहायचं नाही. आठवड्याचा एसएमएस याच तीन आकड्यांचा.

दुसऱ्या आठवड्यात तीच संख्या वेगळ्या रूपात: ४३ म्हणजे ४ दशक ३ सुटे, तसंच ३ दशक १३ सुटे. हा भाग बहुतेक वर्गांत वगळला जातो. मग ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ हे मुलांना पाठ होतं, पण उसना घेऊनही संख्या तेवढीच राहिली हे समजत नाही. ३६ उत्तर लिहिणारी मुलं इथे सुधारतात. तिसऱ्या आठवड्यात जोड्या करायच्या: एक मूल काड्या हाताळेल, दुसरं त्याच वेळी लिहील. काडी हलल्याशिवाय अंक लिहायचा नाही. पाच उदाहरणांनंतर जागा बदलायची. चौथा आठवडा यालाच द्या, फक्त काड्या हळूहळू बाजूला ठेवत. एखाद्या वर्गात ३४ ची संख्या घटली नसेल तर त्या शिक्षकाला पुढे न्यायची घाई करू नका, त्याचा पहिला आठवडा पुन्हा होऊ द्या.

सप्टेंबरची परिषद एखाद्या शाळेतच घ्या, मुलं असताना. एका शिक्षकाने त्या शाळेच्या तिसरीला अर्धा तास खरा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी दोन-दोन मुलांमागे बसून फक्त त्या मुलांचे हात बघायचे, शिक्षकाकडे बघायचं नाही. नंतर बोलायचं ते मुलांनी काय केलं त्यावर. पाठ घेणाऱ्याचं परीक्षण सुरू झालं की पुढच्या वेळी कोणी उभं राहत नाही. हे फोनवर होऊ शकत नाही, परिषद त्यासाठीच राखून ठेवायची. नेट असलेल्या गावात परिषद असेल तर दीक्षा अॅपवरचं एखादं साहित्य उतरवून घेऊन नंतर नेटशिवाय बघता येतं. तेवढं चालेल, पण पाठाचा वेळ त्यात घालवू नका.

पाचव्या आठवड्यात शून्याची उदाहरणं, ४० − १८ सारखी. चार जुड्या, सुटी एकही नाही. काड्यांवर यात शंका राहत नाही, म्हणून ३० लिहिणाऱ्या मुलाला समजावून सांगण्याऐवजी त्याच्यासमोर चार जुड्या ठेवा. सहाव्यात ७२ − ६८ आणि ६१ − ९ तोंडी: ६८ पासून ७२ पर्यंत पुढे मोजत जाणं, आणि १० काढून १ परत मिळवणं. उभी मांडणी न करताही उत्तर मिळतं हे शिक्षकांनीच आधी मान्य करावं लागतं. या आठवड्याच्या कॉलवर थोडा वाद होतो, होऊ द्या.

सातवा आठवडा शाब्दिक उदाहरणांचा, आणि अक्राणीत तो सगळ्यात नाजूक. मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. ६९ लिहिणाऱ्या मुलाला वजाबाकी येत नाही असं धरू नका, ‘किती जास्त’ हा प्रश्नच त्याला पोहोचला नसेल. तुमच्या केंद्रात त्या भाषा बोलणारे शिक्षक असतीलच. त्यांच्याकडून पाच उदाहरणं त्या भाषेत बोलून मुद्रित करून घ्या आणि सातव्या धड्यालाच जोडा. शिक्षकाने फोन मुलांसमोर धरून ते ऐकवायचं, बियांवर करून घ्यायचं आणि मग तेच मराठीत. सप्टेंबरच्या परिषदेत हे मुद्रण झालं पाहिजे, म्हणजे ते बाकीच्या धड्यांबरोबर फोनमध्ये भरता येतं.

आठव्या आठवड्यात पुन्हा चाचणी, त्याच घडणीची, वेगळ्या संख्यांची: ६९ − २४, ६४ − ३८, ५० − २७, ८१ − ७७, ७२ − ९, आणि एक ‘किती जास्त’. ६४ − ३८ ची चुकीची उत्तरं ३४ आणि ३६, ५० − २७ ची ३७, ३० आणि ३३, ८१ − ७७ ची १६ आणि १४, ७२ − ९ ची ७७ आणि ७३. ही यादी शिक्षकांना आठव्या चिठ्ठीवर छापून द्या.

कुठे बिघडतं आणि कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त बिघाड आकड्यांत होतो. एखाद्या शाळेतून दुसऱ्याच आठवड्यात ‘सगळ्यांना आलं’ असा एसएमएस येतो. तपासायला शाळेत जायची गरज नाही. त्या शिक्षकाला कॉलवर विचारा, ‘काड्यांशी वेगळं काही करणारं एखादं मूल सांगा.’ ज्याने कृती केली त्याच्याकडे सांगण्यासारखं असतंच: कोणी दोन जुड्या सोडल्या, कोणी जुडी लपवली. ज्याने केली नाही तो सर्वसाधारण बोलतो. वह्यांवरूनही कळतं. सगळ्या वह्यांत तीच उदाहरणं, त्याच क्रमाने, एकही खाडाखोड नाही, म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं आहे.

पण आकडे असे स्वच्छ का होतात ते पाहिलं पाहिजे. एका तालुक्यात वरच्या कार्यालयाने शाळानिहाय तक्ता मागवला आणि तो मोठ्या गटावर टाकला. पुढच्याच आठवड्यात चुकीची उत्तरं यायची थांबली. शिक्षक खोटे नव्हते, पण शेवटून पहिलं नाव आपलं असावं असं कोणालाच वाटत नाही. म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्या: वर जाईल ते केंद्राचं एकत्रित चित्र, शाळेचं नाव नाही. आणि एसएमएसचा नियम असा ठेवा की चुकीच्या उत्तराशिवाय तो पूर्ण धरला जाणार नाही. चुकीचं उत्तर कळवणं हेच काम आहे, हे सगळ्यांना तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. ३४ चे नऊ कळवणाऱ्या शिक्षकाला पुढच्या निरोपात तुम्ही नाव न घेता उत्तर दिलंत, की दुसऱ्या आठवड्यात बाकीचेही कळवू लागतात.

दुसरा बिघाड परिषदेचा. प्रशासकीय सूचना आधी घेतल्या तर त्या दुपारपर्यंत पुरतात. त्या एका कागदावर छापा, शेवटच्या पाऊण तासात वाटा आणि त्यातल्या शंकाच घ्या.

तासांची नोंद सुरुवातीलाच करून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. इथे तीन परिषदांचे ९ तास, कॉलचे २ तास ४० मिनिटं आणि धड्यांची ४० मिनिटं, म्हणजे वर्गातला वेळ न धरताही १२ तास होतात. आठवडी काम आणि दोन चाचण्या धरून किती तास मान्य होतील ते नंदुरबारच्या डाएटकडून जुलैमध्येच लेखी घ्या. नंतर मागितलं तर पत्रव्यवहारातच वर्ष जातं, आणि शिक्षकांना पुन्हा तेच ऑनलाइन मॉड्यूल प्रमाणपत्रासाठी करावं लागतं.

ऑक्टोबरच्या परिषदेत पुन्हा ढीग करा, या वेळी ऑगस्टचे आणि ऑक्टोबरचे शेजारी-शेजारी. ३४ च्या ढिगातून मुलं ३६ मध्ये गेली असतील तर ती प्रगती आहे, जरी दोन्ही उत्तरं चूक असली. बरोबर उत्तरांची टक्केवारी काढलीत तर ती दिसणारच नाही, म्हणून टक्केवारी काढू नका. जी मुलं ५८ − २३ मध्येच अडकली होती आणि आताच्या ६९ − २४ मध्येही अडकली आहेत त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम नव्हता, त्यांना संख्या मोजण्यापासूनच घ्यावं लागेल. दिवाळीआधीच त्यांच्या शिक्षकांना ते सांगून ठेवा, म्हणजे कोणतं मूल कधी स्थलांतरित होणार आहे ते लक्षात घेऊन त्यांना उरलेले आठवडे वापरता येतील.